२.९ वरून ३.०: एका दशांशासाठी किती क्रेडिट लागतात?

अमेरिकेत एमएस करायला गेलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात एक आकडा सांगितला जातो: ३.०. बहुतेक विद्यापीठांच्या ग्रॅज्युएट स्कूलमध्ये पदवी मिळवायची तर एकूण जीपीए, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरांची मिळून सरासरी, निदान इतकी असावी लागते. ती खाली गेली की विद्यार्थी 'प्रोबेशन'वर जातो. ४ पैकी ३ म्हणजे सगळ्या विषयांत 'बी'. मुंबई-पुण्याहून गेलेल्या आणि पहिल्या सेमिस्टरमध्ये तिथल्या पद्धतीला सरावता सरावता २.९ वर अडकलेल्या मुलाला प्रश्न पडतो तो साधा: आता किती क्रेडिट, कोणत्या ग्रेडने केले की हा एक दशांश भरून निघेल? याचं उत्तर दोन ओळींत काढता येतं. पण त्या दोन ओळींत लोक ठरावीक ठिकाणी चुकतात आणि तिथे एका चुकीची किंमत कधी कधी एका आख्ख्या कोर्सची फी असते.

आधी तूट मोजा

जीपीए ही साधी सरासरी नाही. प्रत्येक ग्रेडला गुण असतात: अनेक ठिकाणी ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३ आणि सी २.०. हे गुण त्या कोर्सच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्या कोर्सची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. गुणाकार करून जी बेरीज येते तिला ट्रान्स्क्रिप्टवर बहुधा `Quality Points` म्हणतात. आपण तिला गुणबेरीज म्हणू.

आता ३.० ही रेघ धरा. रेघेच्या वर असलेला कोर्स शिल्लक टाकतो, खाली असलेला तूट पाडतो. तीन क्रेडिटच्या कोर्समध्ये ए मिळाला तर शिल्लक तीन गुणांची, कारण (४.० − ३.०) गुणिले ३. ए मायनस २.१ ची, बी प्लस ०.९ ची. बी मिळाला तर शिल्लक नाही आणि तूटही नाही. बी मायनस ०.९ ची तूट पाडतो, सी प्लस २.१ ची आणि सी तब्बल ३ ची. एका सीची भरपाई करायला एक आख्खा ए खर्ची पडतो, हे इतक्यावरूनच दिसतं.

जीपीए २.९ आहे म्हणजे आतापर्यंतच्या प्रत्येक क्रेडिटमागे ०.१ गुण कमी आहे. म्हणून एकूण तूट म्हणजे क्रेडिटची संख्या गुणिले ०.१. क्रेडिट १८ झाले असतील तर तूट १.८ गुणांची, ३० झाले असतील तर ३ गुणांची. पुढचे कोर्स ही तूट किती वेगाने भरतात, एवढाच मग प्रश्न उरतो.

```
लागणारे क्रेडिट = (०.१ × झालेले क्रेडिट) ÷ (पुढची सरासरी − नवं लक्ष्य)
```

भागाकारातला खालचा आकडा नीट पाहा. पुढच्या सेमिस्टरच्या सरासरीतून नवं लक्ष्य वजा करायचं आहे, आजचा जीपीए नव्हे. २.९ वरून ३.० ला जायचं असेल तर वजा करायचे ३.०. कारण नवे क्रेडिटही शेवटी त्याच सरासरीत मोजले जाणार आहेत आणि त्यांना स्वतःला आधी ३.० च्या रेघेवर उभं राहावं लागतं. त्यावर जे उरेल तेवढंच जुनी तूट भरायला कामी येतं. पुढची सरासरी नेमकी ३.० आली, तर भागाकारात खाली शून्य येतं. याचा अर्थ असा की सगळ्या कोर्सात बी मिळवत राहिलं तर कितीही क्रेडिट केले तरी जीपीए ३.० ला पोचत नाही. तो २.९२, २.९५, २.९७ असा रेघेच्या जवळ सरकत राहील, पण रेघेला टेकणार नाही.

एक उदाहरण, कोर्स मोजून

एका मुलीची पहिली दोन सेमिस्टर घेऊ. प्रत्येक सेमिस्टरला तीन-तीन क्रेडिटचे तीन कोर्स. पहिल्या सेमिस्टरमध्ये तिला बी, बी मायनस आणि सी प्लस मिळाले, सरासरी २.६७ झाली आणि प्रोबेशनचं पत्र आलं. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ती नेटाने उभी राहिली: ए मायनस, बी, बी मायनस. या सेमिस्टरची सरासरी ३.१३, म्हणजे रेघेच्या वर. तरी दोन्ही मिळून गुणबेरीज ५२.२ आणि क्रेडिट १८, म्हणून एकूण जीपीए २.९०. 'सेमिस्टर तर ३.१३ चं झालं, मग मी अजून प्रोबेशनवर कशी?' हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर तुटीत आहे. पहिल्या सेमिस्टरने ३ गुणांची तूट पाडली होती, दुसऱ्याने १.२ ची भरली, १.८ ची उरली. दुसऱ्या सेमिस्टरमध्येच सगळं भरायचं असतं तर ३.३३ ची सरासरी लागली असती.

तिसऱ्या सेमिस्टरला पुन्हा नऊ क्रेडिट आहेत. १.८ ची तूट नऊ क्रेडिटवर वाटली तर प्रत्येक क्रेडिटमागे ०.२, म्हणून तिला ३.२ ची सरासरी लागेल. पण सरासरी म्हणून कोणी ग्रेड देत नाही. ग्रेड कोर्सला मिळते. म्हणून हिशेब कोर्सच्या भाषेत आणावा. दोन बी प्लस आणि एक बी मिळाले तर शिल्लक ०.९ अधिक ०.९, म्हणजे बरोबर १.८, आणि जीपीए नेमका ३.०. एक ए मायनस आणि दोन बी आले तर शिल्लक २.१, काम झालं. एक ए, एक बी आणि एक बी मायनस, तरीही २.१. पण दोन बी प्लस आणि एक बी मायनस आला, तर शिल्लक फक्त ०.९ उरते आणि जीपीए २.९७ वर थांबतो. म्हणजे एकाच कोर्सात बीऐवजी बी मायनस आला, एवढ्यानेच सेमिस्टर फसतं.

यावरून तिने ठरवायचं ते असं. तिन्ही कोर्सांत थोडं थोडं वर जाण्यापेक्षा एका कोर्समध्ये ए मायनस गाठणं आणि उरलेल्या दोन्हींत बीच्या खाली न जाणं हा मार्ग बहुतेकांना जास्त झेपतो. सी प्लस किंवा सी यावा असा धोका असलेला कोर्स या सेमिस्टरला घेऊच नये, मग तो कितीही आवडता असो. एका सी प्लसने २.१ ची नवी तूट पडली की जुन्या १.८ सकट ३.९ भरायचे होतात, आणि उरलेल्या दोन कोर्सांपैकी एकात ए, दुसऱ्यात बी प्लस आला तरी ते अगदी कसेबसे भरतात.

पदवीचे क्रेडिट संपले आणि जीपीए २.९ असेल तर

सर्वांत महागात पडणारी परिस्थिती ही. तीस क्रेडिटचा अभ्यासक्रम, दहा कोर्स पूर्ण, गुणबेरीज ८७ आणि जीपीए २.९०. पदवीसाठीचे क्रेडिट झाले, पण पदवी मिळत नाही. आता जे क्रेडिट घ्यायचे ते खरोखरीच जादा: अभ्यासक्रमात त्यांची गरज नाही, फी मात्र पूर्ण.

तूट ३ गुणांची. एका जादा कोर्समध्ये ए मिळाला तर तीन क्रेडिटमध्येच काम होतं: गुणबेरीज ९९, क्रेडिट ३३, जीपीए ३.००. ए मायनसने सूत्र ४.२९ क्रेडिट सांगतं, पण ४.२९ क्रेडिट कोणी विकत नाही. दोन कोर्स घ्यावे लागतात. त्या दोनांत एक ए मायनस आणि एक बी प्लस आला तरी तूट नेमकी भरते, २.१ अधिक ०.९. बी प्लसच्या पातळीवर दहा क्रेडिट लागतात, म्हणजे तीन क्रेडिटचे चार कोर्स. ए आणि बी प्लस यांत तीन कोर्सांच्या फीचं अंतर पडतं.

वजाबाकीची मघाची चूक इथे अंगाशी येते. बी प्लसच्या ३.३ मधून ३.० ऐवजी २.९ वजा केले तर ३ भागिले ०.४, म्हणजे ७.५ क्रेडिट येतात आणि तीन कोर्स पुरतील असं वाटतं. तीन कोर्स, तिन्हींत बी प्लस. अभ्यास झाला, फी भरली आणि गुणबेरीज झाली ११६.७, क्रेडिट ३९. जीपीए २.९९. आणखी एक कोर्स, आणखी एक सेमिस्टर. हे टाळायला सोपी पडताळणी आहे: सूत्रावर विसंबू नका, शेवटी गुणबेरीज आणि क्रेडिट लिहून भागाकार करून पाहा.

एफ-१ व्हिसावर असलेल्यांना यात आणखी एक गाठ आहे. आय-२० वर अभ्यासक्रम संपण्याची तारीख असते आणि ती पुढे ढकलायला कारण द्यावं लागतं. शैक्षणिक प्रोबेशनमुळे झालेला उशीर हे मुदतवाढीचं मान्य कारण नाही, असं या व्हिसाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून जादा क्रेडिटचा हिशेब दहाव्या कोर्सनंतर करून उपयोग नाही. तो सहाव्या कोर्सनंतर करायचा, जेव्हा तूट १.८ ची असते आणि ती अभ्यासक्रमातल्याच कोर्सांवर भरता येते.

कोणते क्रेडिट धरायचे

हिशेब चुकण्याची दुसरी जागा म्हणजे झालेल्या क्रेडिटचा आकडा. ट्रान्स्क्रिप्टवर कमावलेले क्रेडिट वेगळे आणि जीपीएत मोजलेले वेगळे असतात. नुसत्या पास-नापासवर दिलेला एक क्रेडिटचा सेमिनार पदवीच्या क्रेडिटमध्ये जमा होतो, पण जीपीएत येत नाही. दुसऱ्या विद्यापीठातून आणलेले ट्रान्सफर क्रेडिटही बहुधा असेच: पदवीला चालतात, सरासरीत शिरत नाहीत. म्हणून जादा क्रेडिट बाहेरच्या एखाद्या स्वस्त कॉलेजात करून जीपीए वर आणू, हा बेत सहसा फसतो. क्रेडिट येतात, गुण येत नाहीत. सूत्रात घालायचा आकडा म्हणजे `GPA Hours` या रकान्यातला.

तिथेच शेजारी असलेला `Quality Points` चा आकडाही उचलावा, कारण छापलेला जीपीए राउंड केलेला असतो. २.९० असं दिसत असेल, तर खरा आकडा २.८९५ आणि २.९०५ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. तीस क्रेडिटवर यामुळे तूट २.८५ पासून ३.१५ पर्यंत बदलते. तूट ३.१५ असेल तर एका एने काम होत नाही, जीपीए २.९९५ वर येतो. मग विद्यापीठ आकडा राउंड करतं की पुढचे अंक नुसते छाटतं, यावर पदवी अडते. राउंड केला तर ३.००, छाटला तर २.९९. काही विद्यापीठं ए मायनसला ३.६७ आणि बी प्लसला ३.३३ गुण देतात. तिथे मघाच्या उदाहरणातले तीन बी प्लस २.९९९२ ला नेतात आणि पुन्हा तोच पेच येतो. रजिस्ट्रारच्या ऑफिसात हा एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा: तुम्ही राउंड करता की छाटता?

जुना कोर्स पुन्हा घेतला तर

नव्या क्रेडिटऐवजी जिथे सी प्लस आला तोच कोर्स पुन्हा घ्यावा का? हे सर्वस्वी त्या विद्यापीठाच्या नियमावर आहे. वरच्या मुलीने दोन सेमिस्टरनंतर तो कोर्स पुन्हा घेतला आणि बी प्लस मिळवला असं धरू.

जिथे नवी ग्रेड जुन्या ग्रेडची जागा घेते, तिथे क्रेडिट १८ च राहतात आणि गुणबेरीज ३ ने वाढून ५५.२ होते. जीपीए ३.०७. एका बी प्लसने दीड दशांशाहून जास्त उडी, कारण नवी शिल्लक तर आलीच, शिवाय जुनी २.१ ची तूट पुसली गेली. जिथे दोन्ही ग्रेड मोजतात, तिथे क्रेडिट २१ होतात, गुणबेरीज ६२.१, आणि जीपीए २.९६ वर राहतो. म्हणजे बी प्लसचा कुठलाही नवा कोर्स केल्याइतकंच, वर हे क्रेडिट पदवीत दुसऱ्यांदा धरलेही जात नाहीत. ग्रेड बदलून देण्याची सोय पदवीपूर्व विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी मिळते. ग्रॅज्युएट स्कूल याबाबत बरीच कडक असतात. 'रिपीट' हा शब्द ऐकून खूश होण्याआधी हँडबुकमधला तेवढा परिच्छेद वाचावा.

महाराष्ट्रातल्या दहा गुणांच्या पट्टीवर

आपल्याकडे यूजीसीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि पी ४ अशी पट्टी आहे. सेमिस्टरची सरासरी एसजीपीए आणि एकूण सरासरी सीजीपीए; दोन्ही दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करून छापायच्या. सूत्र तेच. पण इथे क्रेडिट आपल्या मर्जीने वाढवता येत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अनेक विद्यापीठांत प्रत्येक सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट ठरलेले असतात. त्यामुळे प्रश्न उलटा करावा लागतो: किती क्रेडिट नव्हे, तर पुढच्या सेमिस्टरला किती एसजीपीए?

सगळी सेमिस्टर सारख्याच क्रेडिटची असतील तर याचं उत्तर तोंडी काढता येतं. जितकी सेमिस्टर झाली, तितके दशांश नव्या लक्ष्यावर चढवा. चार सेमिस्टरनंतर सीजीपीए ६.९ आहे आणि ७.० हवा आहे, तर पाचव्या सेमिस्टरला ७.४ लागतील. सहा झाली असतील तर सातव्याला ७.६, सात झाली असतील तर आठव्याला ७.७. प्लेसमेंटला येणाऱ्या कंपनीने ७.० ची अट घातली, तर ती सहाव्या सेमिस्टरला समजण्याऐवजी दुसऱ्या सेमिस्टरला समजलेली बरी, असं मुलांना का सांगायचं ते या आकड्यांवरून कळेल. दोन सेमिस्टरनंतर तोच एक दशांश ७.२ ला मिळत होता.

हे क्रेडिटमध्ये मांडून पाहू. चार सेमिस्टरांचे ८८ क्रेडिट, तूट ८.८ गुणांची. पाचव्या सेमिस्टरचे सगळे विषय बी प्लसचे, म्हणजे नेमके ७ चे धरले, तर शिल्लक शून्य. त्यांतल्या एका क्रेडिटची ग्रेड बी प्लसवरून एवर नेली की एक गुण जमा होतो. म्हणून नऊ क्रेडिटचे विषय एवर जायला हवेत. विषय चार आणि दोन क्रेडिटचे असतील तर दोन मोठे आणि एक छोटा, मिळून दहा. प्रॅक्टिकलचे दोन क्रेडिटचे विषय अनेकदा थिअरीपेक्षा कमी कष्टात वरच्या ग्रेडला जातात, आणि त्यांचा एक क्रेडिट थिअरीच्या एका क्रेडिटइतकाच मोजला जातो. जर्नल वेळेवर पूर्ण करणं आणि तोंडी परीक्षेची तयारी करणं याचं मोल इथे आकड्यात दिसतं.

पट्टीच्या वरच्या टोकाला

चार गुणांच्या पट्टीला एक अडचण आहे जी दहाच्या पट्टीवर क्वचितच जाणवते: वर जागा नसते. अमेरिकेत पदवीच्या चौथ्या वर्षाला पोचलेला, ९० क्रेडिटवर ३.४० असलेला विद्यार्थी ३.५० गाठू पाहतो. तूट ९ गुणांची. पुढच्या पंधरा क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये भरायची तर सरासरी ४.१ लागेल, आणि अशी सरासरी पट्टीवरच नाही. सगळे ए मिळाले तरी १८ क्रेडिट लागतात. उरलेली दोन्ही सेमिस्टर मिळून, म्हणजे ३० क्रेडिटवर, ३.८ ची सरासरी पुरते. ३.७ ने हेच ४५ क्रेडिटला होतं, ३.६ ने ९० ला. तेवढे क्रेडिट पदवीत उरलेलेच नाहीत. लक्ष्य पट्टीच्या टोकाजवळ सरकलं की मधलं अंतर आक्रसतं आणि लागणारे क्रेडिट झपाट्याने वाढतात.

कोर्स सोडण्याची शेवटची तारीख

हा सगळा हिशेब कागदावर कितीही पक्का असला तरी सेमिस्टरच्या मध्यावर, मिडटर्मचे गुण हाती आल्यावर, तो पुन्हा करावा. त्या सुमारास कोर्समधून माघार घेण्याची शेवटची तारीख येते. माघार घेतली की ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू लागतो आणि तो जीपीएत मोजला जात नाही. ज्या कोर्सात सी दिसू लागला आहे, तिथे डब्ल्यू घेतल्याने ३ गुणांची तूट पडायची वाचते. मात्र त्या कोर्सातून मिळू शकणारी शिल्लकही जाते आणि भरलेली फी बहुधा परत येत नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलीने तिसऱ्या सेमिस्टरला एक कोर्स सोडला तर उरलेल्या सहा क्रेडिटवर तिला तीच १.८ भरायची आहे: दोन बी प्लस, किंवा एक ए मायनस आणि एक बी. एफ-१ वर असणाऱ्यांनी मात्र ही माघार स्वतःच्या मनाने घेऊ नये. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला पूर्णवेळ मानण्यासाठी अनेक विद्यापीठांत नऊ क्रेडिट लागतात, आणि त्याखाली जायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याची परवानगी कोर्स सोडण्याच्या आधी घ्यावी लागते.